सुतावरून स्वर्ग? शोधनिबंधाचा चर्चा विभाग कसा तपासायचा

पीजीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबला माझा नंबर लागला की मी पेपर एकाच पद्धतीने वाचायचो. आधी सारांश, मग थेट शेवटून दुसरं पान, म्हणजे डिस्कशनचा शेवटचा परिच्छेद. मधले तक्ते स्लाइडवर चिकटवायचे आणि लेखकांनी जे म्हटलंय तेच आपल्या तोंडून म्हणायचं. एकदा मागच्या रांगेतून प्रश्न आला, "हे वाक्य कुठल्या तक्त्यातून आलं?" मी पानं उलटत राहिलो. ते वाक्य कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. चर्चा विभागातलं प्रत्येक विधान निकालांच्या आत बसतं की बाहेर लोंबकळतं, हे कसं ओळखायचं? उदाहरण म्हणून एकच पेपर घेतो. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचा, डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा, घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याबद्दलचा, डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेला. वाईट पेपर घेऊन त्याच्या चुका काढणं सोपं असतं. चांगल्या पेपरमध्येसुद्धा कुठलं वाक्य किती घट्ट उभं आहे हे सांगता आलं, तर ही तपासणी जमली म्हणायची.

आधी चर्चा झाकून ठेवा

चर्चा विभाग हा लेखकाचा युक्तिवाद असतो, आणि चांगला लेखक आपलं म्हणणं पटवून देतो. एकदा पटलं की तक्ते वाचताना डोळ्यांना तेवढंच दिसतं. म्हणून छापील प्रत असेल तर तो भाग सरळ दुमडून ठेवा. पद्धती आणि निकाल वाचा आणि वहीत तीन गोष्टी लिहा: अभ्यास कोणावर झाला, तुलना कशाशी केली, आणि मुख्य म्हणून काय मोजायचं ठरलं होतं.

गडचिरोलीच्या पेपरसाठी माझ्या वहीत असं आहे. ३९ गावांत कार्यक्रम राबवला, ४७ गावं तुलनेसाठी. कोणती गावं कुठल्या बाजूला हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नाही, म्हणजे रँडमायझेशन नाही. कार्यक्रमात प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन बाळाला तपासतात, आईला शिकवतात, आणि जंतुसंसर्ग म्हणजे सेप्सिस वाटला तर प्रतिजैविकं देतात, त्यात जेंटामायसिनचं इंजेक्शनही आलं. मुख्य मोजमाप नवजात मृत्युदराचं, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत किती बाळं दगावली. सुरुवातीला, १९९३-९५ मध्ये, कार्यक्रमाच्या गावांत हा दर ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८. तिसऱ्या वर्षी कार्यक्रमाच्या गावांत २५.५. तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच.

आता याच नोंदींवरून स्वतःचं एक वाक्य लिहा. माझं असं झालं: "या ३९ गावांत घरपोच नवजात काळजीचा पूर्ण संच सुरू केल्यावर तीन वर्षांत नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला, शेजारच्या तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही." एवढंच. हे वाक्य म्हणजे तुमचं कुंपण. लेखकांचं वाक्य यापेक्षा लांब गेलं की थांबून विचारायचं, हे जास्तीचं पाऊल कशाच्या जोरावर?

अलीकडचा भारतीय ट्रायल असेल तर इथेच आणखी एक काम उरकून घ्या. पेपरमध्ये CTRI ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ctri.nic.in वर टाकला की अभ्यास सुरू होताना मुख्य मोजमाप काय ठरलं होतं ते दिसतं. पेपरमध्ये मुख्य म्हणून मिरवणारं मोजमाप नोंदणीत दुय्यम असेल, किंवा मुळात नसेलच, तर चर्चेतलं पहिलंच वाक्य संशयाने वाचायचं. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली, त्यामुळे १९९९ च्या पेपरला हा निकष लावू नका.

वाक्यांचे तीन प्रकार करा

आता चर्चा उघडा आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक ठाम विधानाशेजारी एक अक्षर लिहायचं. 'नि' म्हणजे निकाल पुन्हा सांगणारं वाक्य. 'का' म्हणजे असं का घडलं ते सांगणारं. 'प' म्हणजे निकाल दुसऱ्या माणसांवर, दुसऱ्या जागी, दुसऱ्या काळात पसरवणारं. बाकीची वाक्यं, जुन्या अभ्यासांची ओळख वगैरे, सोडून द्या. हे वर्गीकरण माझं घरगुती आहे, कुठल्या मार्गदर्शक तत्त्वांत शोधू नका. ते उपयोगी पडतं याचं कारण असं की तिन्ही प्रकारांना लागणारा पुरावा वेगळा असतो, आणि गडबड बहुतेक वेळा एका प्रकाराचं वाक्य दुसऱ्याच्या कपड्यांत येतं तेव्हा होते.

सरावासाठी लॅन्सेटचा सारांश सोयीचा. त्यात 'इंटरप्रिटेशन' असा वेगळा भाग असतो आणि चर्चेचा अर्क तिथे दोन-तीन वाक्यांत उतरलेला असतो. गडचिरोलीच्या पेपरमध्ये तिथे दोनच वाक्यं आहेत. पहिल्याचा आशय असा: सेप्सिसच्या उपचारांसह घरपोच नवजात काळजी लोकांना मान्य होते, राबवता येते, आणि आमच्या अभ्यासातल्या कुपोषित, निरक्षर, ग्रामीण लोकसंख्येत तिने नवजात आणि अर्भक मृत्युदर जवळपास ५० टक्क्यांनी कमी केला. दुसऱ्याचा: हा मार्ग विकसनशील देशांत नवजात मृत्युदर बराच कमी करू शकेल.

पहिलं वाक्य तुकड्यातुकड्याने घेऊ.

"मान्य होते" आणि "राबवता येते" यांच्यामागे आकडा आहे का? आहे. तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांना ही काळजी मिळाली, आणि खर्च बाळामागे ५.३ डॉलर आला. लोकांनी दार लावून घेतलं असतं तर ९३ टक्के झाले नसते. हे 'नि' वाक्य आहे आणि पाय जमिनीवर आहेत. इतर पेपरांत "रुग्णांनी उपचार चांगला स्वीकारला" असं वाक्य दिसलं आणि किती जण मध्येच सोडून गेले याचा आकडाच नसला, तर ते वाक्य हवेत आहे असं समजा.

"जवळपास ५० टक्क्यांनी" इथे जरा थांबावं लागतं. निकालात दोन वेगळे आकडे आहेत: नवजात मृत्युदरात ६२.२ टक्के निव्वळ घट, अर्भक मृत्युदरात ४५.७ टक्के. चर्चेच्या अर्कात दोन्ही एका दावणीला बांधले गेले. नवजातांच्या बाबतीत हे वाक्य निकालापेक्षा कमीच सांगतं, अर्भकांच्या बाबतीत किंचित जास्त. अतिशयोक्ती नाही, पण ढिलं आहे. अशा ठिकाणी मी समासात "ढिलं" एवढंच लिहितो आणि पुढे जातो. प्रत्येक ढिल्या वाक्याला अपराध मानायला लागलं तर कुठलाच पेपर वाचून होणार नाही.

"निव्वळ" हा शब्दही उलगडून पाहा. ६२ वरून २५.५ म्हणजे सुमारे ५९ टक्के घट. मग ६२.२ कुठून आले? तुलनेच्या गावांत दर कमी न होता थोडासा वाढला होता, तो फरक यात मिळवला आहे. हे योग्यच आहे, कारण त्याच काळात सगळीकडेच रस्ते, दवाखाने सुधारून मृत्यू घटले असते तर ती घट वजा करावी लागली असती. पण असा हिशेब दिसला की दोन्ही कच्चे आकडे स्वतः मांडून बघायची सवय लावा. कधीकधी "निव्वळ फायद्या"चा मोठा वाटा तुलनेचा गट बिघडल्यामुळे आलेला असतो. इथे तसं नाही. घट मुख्यतः कार्यक्रमाच्याच गावांत आहे.

आणि "आमच्या अभ्यासातल्या कुपोषित, निरक्षर, ग्रामीण लोकसंख्येत" हे शब्द. वाचताना ते भरताड वाटतात, पण दाव्याचं कुंपण तेच घालतात. हे शब्द काढून वाक्य पुन्हा वाचा: "घरपोच नवजात काळजी मृत्युदर निम्म्याने कमी करते." बघता बघता 'नि' वाक्य 'प' वाक्य झालं. "कमी केला" चं "कमी करते" झालं, एवढा क्रियापदाचा बदलही पुरतो. भूतकाळ या गावांबद्दल बोलतो, वर्तमानकाळ जगाबद्दल. पेन्सिल चालवताना काळ बदलला तिथे खूण करायची.

"का" ची वाक्यं

नवखा वाचक सर्वात जास्त इथे फसतो, म्हणून जरा सावकाश.

पेपरमध्ये एक आकडा फार बोलका आहे. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर ७१ पैकी २.८ टक्के. टक्के सोडून माणसं मोजा: १६३ पैकी २७, आणि ७१ पैकी २. आता समजा कोणी असं लिहिलं: "मृत्युदरातली घट मुख्यतः प्रतिजैविकांमुळे झाली." हे वाक्य मी बनवलंय, पेपरातलं नाही. पण बातम्यांत आणि विद्यार्थ्यांच्या स्लाइडवर हे असंच उतरतं. ते निकालात बसतं का?

मला नाही वाटत. पहिलं कारण, ही तुलना आधी आणि नंतरची आहे, शेजारी शेजारीची नाही. आधीची १६३ आणि नंतरची ७१ बाळं सारख्याच गंभीर अवस्थेत होती याची खात्री फक्त या आकड्यांवरून मिळत नाही. आरोग्यदूतांची नजर तयार होत गेली आणि सौम्य आजार लवकर पकडले जाऊ लागले, तरी दगावण्याचं प्रमाण खाली येईल. दुसरं, कार्यक्रम हा संच होता. घरभेटी, आईला शिकवणं, ऊब, स्तनपान, औषधं, सगळं एकाच गावात, एकाच काळात. संचाचा परिणाम मोजला आहे, त्यातल्या एका घटकाचा वेगळा नाही. घटक वेगळा करायचा तर औषधाशिवायचा तिसरा गट लागला असता. तिसरं, २ हा आकडा लहान आहे. आणखी दोनच बाळं दगावली असती तर २.८ चे ५.६ टक्के झाले असते. तरी १६.६ पासून ते लांबच राहतात, म्हणजे दिशा खरी आहे, पण "इतक्या पटीने" असं कोणी लिहिलं तर ती पट या दोन बाळांवर टांगलेली आहे.

म्हणून बसणारं वाक्य असं होईल: "उपचार सुरू झाल्यावर सेप्सिसमधलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि एकूण घटीत औषधांचा वाटा असणं संभवतं." "असणं संभवतं" हे शब्द भित्रेपणाचे नाहीत, तेवढाच पुरावा आहे. इंटरप्रिटेशनमध्ये लेखकांनी "सेप्सिसच्या उपचारांसह" असं म्हटलं, "उपचारांमुळे" असं नाही. त्या "सह" ला माझ्याकडून पूर्ण गुण.

अशाच बारीक शब्दाचं आणखी एक उदाहरण. पेपर सांगतो की १९९७-९८ मध्ये १८ नवजातांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. हा आकडा सांगताना लोक बिनदिक्कत "१८ बाळांमागे एक नवजात वाचलं" म्हणतात. पण मूळ वाक्यात मृत्यू "गर्भातला किंवा नवजाताचा" असा आहे, म्हणजे मृतजन्मही धरले आहेत. फक्त नवजात मृत्यूंचा ढोबळ हिशेब केला तर दर हजारी ३६.५ ने घटला, म्हणजे साधारण २७ बाळांमागे एक. दोन्ही आकडे उत्तम आहेत, पण एक नाहीत. मोठा आकडा भेटला की त्याच्या छेदात आणि अंशात कोण बसलंय ते विचारायचंच.

"प" ची वाक्यं

"हा मार्ग विकसनशील देशांत नवजात मृत्युदर बराच कमी करू शकेल." एका जिल्ह्यातल्या ३९ गावांवरून अर्ध्या जगाबद्दल? ऐकायला सुतावरून स्वर्ग वाटतं. तरी हे वाक्य मी खोडणार नाही. त्यात "शकेल" आहे, आकडा नाही, आणि चर्चा विभाग शक्यता मांडण्यासाठीच असतो. खोडलं असतं ते "विकसनशील देशांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी होईल" हे. म्हणजे 'प' वाक्याला दोन प्रश्न: पसरवताना आकडाही सोबत नेला का? आणि नव्या जागी काय सारखं असायला हवं ते सांगितलं का?

दुसऱ्या प्रश्नाला इथे मी अर्धेच गुण देईन, निदान त्या सारांशात तरी. गडचिरोलीत आरोग्यदूतांच्या मागे एक समर्पित संस्था, तिचं प्रशिक्षण आणि देखरेख उभी होती. ती नसलेल्या जिल्ह्यात तोच संच तसाच चालेल का, हे या निकालांतून कळूच शकत नव्हतं.

पुढे काय झालं ते माहीत आहे. उत्तर प्रदेशात शिवगढला २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये घट ५४ टक्के आली, बांगलादेशात सिल्हेटला त्याच वर्षी घरपोच काळजीच्या गटात ३४ टक्के, आणि पाकिस्तानात सिंधमधल्या हालाला २०११ मध्ये सुमारे १५ टक्के. तिन्ही ठिकाणचे संच गडचिरोलीसारखेच नव्हते. दिशा प्रत्येक ठिकाणी तीच, आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा. "शकेल" टिकलं, "६२" दुसरीकडे गेला नसता. मात्र १९९९ चं वाक्य तपासताना २०११ चा निकाल वापरायचा नाही. वाक्य तेव्हाच्या तक्त्यांत बसत होतं का, एवढाच प्रश्न. नंतर खरं ठरलेलं विधानही लिहिलं तेव्हा निराधार असू शकतं.

फरक न आढळलेले पेपर

गडचिरोलीच्या पेपरमध्ये मुख्य निकाल ठसठशीत होता, म्हणून लेखकांना ताणण्याची गरज पडली नाही. खरी ओढाताण होते ती मुख्य मोजमापात फरक न आढळलेल्या अभ्यासांत. २०१० मध्ये 'जामा'मध्ये फ्रान्सच्या इसाबेल बुत्रों आणि सहकाऱ्यांनी असे ७२ ट्रायल तपासले. सारांशाच्या निष्कर्षात निकाल वळवून सांगितलेला, ज्याला तिथे 'स्पिन' म्हणतात, असे ५८ टक्के पेपर निघाले. चर्चा विभागात ४३ टक्के. म्हणजे चर्चेपेक्षा सारांशात खोट जास्त, आणि आपण वाचतो काय, तर सारांश.

वळवण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. मुख्य मोजमाप हळूच बाजूला सारून एखाद्या दुय्यम मोजमापावर किंवा "५० च्या वरच्या स्त्रियांमध्ये" अशा उपगटावर बोलत राहायचं. किंवा दोन गटांची तुलना सोडून "उपचार गटात आधीपेक्षा सुधारणा झाली" म्हणायचं, जेव्हा दुसऱ्या गटातही तेवढीच झालेली असते. ओळखायचं कसं? वहीत लिहिलेलं मुख्य मोजमाप चर्चेच्या पहिल्या परिच्छेदात सापडतं का ते बघा. नसेल तर ते कुठे लपलंय ते शोधा.

उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते, आणि आपल्याकडच्या प्रबंधांत तर जास्तच. समजा प्रत्येकी २० रुग्णांचे दोन गट आहेत. एकात ९ जणांचा त्रास राहिला, दुसऱ्यात ५ जणांचा. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर येते आणि चर्चेत लिहिलं जातं, "दोन्ही उपचारांत फरक नाही." पण फरक २० टक्क्यांचा आहे, आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल ढोबळमानाने उणे ९ ते अधिक ४९. म्हणजे दुसरा उपचार जरा वाईट असण्यापासून ते फारच चांगला असण्यापर्यंत काहीही या आकड्यांत बसतं. बसत नाही ते एकच, "फरक नाही" हे वाक्य. बरोबर वाक्य आहे, "एवढ्या रुग्णांत फरक ठरवता आला नाही."

मर्यादांचा परिच्छेद चावतो का?

जवळपास प्रत्येक पेपरमध्ये "या अभ्यासाच्या काही मर्यादा आहेत" असा परिच्छेद असतो, आणि बऱ्याचदा तो देवापुढच्या उदबत्तीसारखा असतो, लावली की झालं. तपासायचं ते असं: त्यातली एक मर्यादा उचला आणि शेवटच्या निष्कर्षाशेजारी ठेवा. "नमुना एकाच रुग्णालयातला होता" असं वर लिहून खाली "भारतीय रुग्णांमध्ये" असं लिहिलं असेल, तर मर्यादा मान्य केली पण निष्कर्षाला ती चावलीच नाही. चावली असती तर खालचे शब्द बदलले असते.

नोंद कशी लिहायची

जर्नल क्लब असो की रिव्ह्यू, "लेखकांनी अतिशयोक्ती केली आहे" असं मोघम लिहू नका. त्याने लेखक चिडतात आणि संपादकाला काहीच कळत नाही. चार गोष्टी द्या: वाक्य, त्याला लागणारा पुरावा, पेपरमध्ये असलेला पुरावा, आणि तुमचं सुचवलेलं वाक्य. वर बनवलेल्या वाक्यावर माझी नोंद अशी असेल:

"चर्चा, दुसरा परिच्छेद: 'मृत्युदरातली घट मुख्यतः प्रतिजैविकांमुळे झाली.' यासाठी औषधांसह आणि औषधांविना अशी तुलना लागेल. अभ्यासात संपूर्ण संचाची तुलना आहे, आणि सेप्सिसबद्दलचे आकडे आधी-नंतरचे आहेत (१६३ पैकी २७, ७१ पैकी २). सुचवलेला बदल: 'घटीत औषधांचा वाटा असणं संभवतं, तो किती हे या रचनेतून ठरवता येत नाही.'"

पहिल्यांदा बसाल तेव्हा एका पेपरला दोन तास लागतील, आणि त्यातला दीड तास तक्त्यांवर जाईल. चर्चेला अर्धा तास पुरतो, कारण तोवर कुंपण तुमच्या वहीत घालून झालेलं असतं.